भिशी नाही, वाचनकट्टा आहे, पण निरोप नीट द्यायला हवा होता

"दोन स्टार. वाचनकट्ट्यासाठी रविवारी साडेचारला दुकानात आले तर शटर बंद. पंधरा मिनिटं पायरीवर उभी होते, मग चहावाल्याने सांगितलं की आता दुसरीकडे भरतो. नंतर मेसेज आला तर त्यात 'किती वाचून झालं' आणि 'येणार का नक्की सांगा'. शाळा आहे का ही? चार माणसं जमून पुस्तकावर बोलायला एवढी हजेरी कशाला?"

नमस्कार ताई, आधी पायरीवर उभं राहावं लागलं त्याबद्दल मनापासून सॉरी. चूक आमचीच आहे. जागा बदलल्याचा निरोप मी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता पण तो पोस्टरच्या फोटोत होता, वर नुसतं 'सर्वांनी वाचावे', आणि फोटो उघडल्याशिवाय पत्ता दिसतच नव्हता. त्यात तुम्ही ग्रुपमध्ये नाही, तुम्ही दुकानातल्या फळ्यावर वाचून आलात, आणि फळ्यावर जुनंच लिहिलेलं राहिलं होतं, मॅपवरही दुकानाचाच पत्ता होता. शनिवारी रात्री शटर लावताना मी त्या फळ्यासमोरूनच गेले आणि माझ्या लक्षात आलं नाही, याचं वाईट वाटतं. आता फळा पुसलाय, शटरवर मोठ्या अक्षरात कागद लावलाय, आणि पुढचे दोन महिने कट्ट्याच्या दिवशी आमचा मुलगा चार ते पाच दुकानापाशी थांबेल, कुणी आलं की हॉलपर्यंत घेऊन येईल. चालत सात-आठ मिनिटं लागतात, गंगापूर रोडलाच आहे.

जागा का बदलली ते सांगते. दुकानाच्या माळ्यावर चौदा खुर्च्या बसतात, पंधरावी टाकली की जिन्याचं दार उघडत नाही. जिना लाकडी आणि अरुंद. आमच्यात सत्तरीच्या पुढच्या चौघी आहेत, त्यातल्या एका काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, जूनमध्ये त्या जिन्याच्या निम्म्यावर थांबल्या, खाली जाता येईना वर येता येईना, दोघांनी हात धरून उतरवलं, आणि मग खाली काउंटरपाशी बसून त्या वरचा आवाज ऐकत होत्या. त्याच दिवशी ठरवलं की तळमजल्यावरच बसायचं. सोसायटीचा हॉल मिळाला, पायरी एकच, पंखे चांगले, भाडं मी भरते, तुमच्याकडून चहाचे तेवढे पन्नास रुपये.

आता हजेरीचं. त्या हॉलमध्ये खुर्च्या वीसच आहेत. जास्त लागल्या तर मंडपवाल्याकडून आणाव्या लागतात आणि तो शुक्रवारी संध्याकाळपर्यंतच ऑर्डर घेतो, दहापेक्षा कमी खुर्च्यांसाठी टेम्पो काढत नाही. जूनमध्ये बारा जणांनी येतो म्हटलं आणि एकवीस आले, सात जण माळ्याच्या जिन्यावर बसले. जुलैमध्ये घाबरून तीस खुर्च्यांची तयारी केली, सव्वीस जणांनी ग्रुपवर होकाराचा अंगठा टाकला होता, आले पंधरा. तीन लिटर चहा म्हणजे छोट्या कपाने तीस कप, अर्धा ओतून दिला. पण खुर्च्या आणि चहा यांचं नुकसान सोसता येतं, खरी अडचण बोलण्याची होते. दोन तासांतली वीस मिनिटं चहात जातात, उरलेल्या शंभर मिनिटांत एकवीस जण एकाच गोलात बसले तर प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटंही येत नाहीत. जूनमध्ये तसंच झालं, चार जण बोलले आणि बाकीचे नुसते मान हलवत बसले. सोळाच्या वर माणसं असतील तर दोन गोल करायचे हे तेव्हा ठरलं, आणि दुसरा गोल सांभाळायला जे सर येतात त्यांना निदान दोन दिवस आधी सांगावं लागतं, ते सिन्नरहून येतात. म्हणून नक्की सांगा म्हणते. जमणार नसेल तर 'नाही' लिहिलं तरी तेवढाच उपयोग होतो.

किती वाचून झालं हे विचारलं त्याचा तुम्हाला राग आला, ते मला समजतं, आपल्याला शाळेतल्या तोंडी परीक्षेची आठवण येतेच. यात मार्क कुणाला द्यायचे नाहीत. या महिन्याचं पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' आहे, बाई आपल्या इथल्याच, जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा, म्हणूनही ते घेतलं. पुस्तक मोठं आहे आणि बाजारात पूर्ण आवृत्तीही मिळते आणि संक्षिप्तही. मागच्या आठवड्यात एका मुलीने फोन करून सांगितलं, मावशी माझं सगळं वाचून झालं, आणि मग बोलता बोलता कळलं की तिच्याकडे संक्षिप्त आहे, पूर्ण आवृत्तीतले कितीतरी प्रसंग तिच्या पुस्तकात नाहीतच. दुसरे एक काका म्हणाले मी दोनशे पानांवर आहे, पण माझ्या पुस्तकातलं दोनशेवं पान काढलं तर तिथे भलतंच काही चाललेलं. पान नंबर जुळतच नाहीत.

म्हणून पानं न विचारता प्रसंग विचारायचे असं ठरवलंय. तुम्ही बाईंच्या वडिलांच्या सोवळ्यापाशी आहात, की १८९५ साली त्यांचे पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले तिथपर्यंत पोचलात, की १९०० साली बाई स्वतः ख्रिस्ती झाल्या त्याच्या पुढे आहात, की संपलं. एवढी एक ओळ पुरते, आवृत्ती कुठली तेही सोबत लिहा. बहुतेक जण १८९५ पर्यंतच असतील तर या वेळी तेवढ्यावरच बोलायचं आणि बाकीचं पुढच्या महिन्यात ठेवायचं. ज्यांचं संपलंय त्यांचा वेगळा गोल करायचा, त्यांना शेवटच्या भागाबद्दल बोलायला आवडेल, कारण बाई १९३६ साली गेल्या आणि तो भाग त्यांच्या मुलाने पूर्ण केला, तिथे भाषा बदलते का यावर वाद घालण्यासारखं खूप आहे. हे सगळं एका गोलात घेतलं की मागे राहिलेली माणसं गप्प होतात आणि पुढच्या महिन्यात येत नाहीत. दोन वर्षांत अशी सहा-सात माणसं आम्ही गमावली आणि त्यातल्या तिघींनी नंतर मला तेच कारण सांगितलं.

एक पानही वाचलं नसेल तरी या ताई, तसं लिहा म्हणजे झालं. सोवळ्याचा भाग आम्ही सुरुवातीला वाचूनच दाखवणार आहोत, मीठ नि साखरही धुवून घ्यायचे ते वडील, ते ऐकताना पुस्तक हातात नसलं तरी चालतं.

पुढचा कट्टा या महिन्याच्या शेवटच्या रविवारी, साडेचार वाजता, हॉलवर. त्याआधीच्या गुरुवारी रात्रीपर्यंत दुकानाच्या नंबरवर दोन ओळी टाका, येणार का आणि कुठपर्यंत आलात, सोबत किती जण तेही. फोनवर सांगितलंत तरी चालेल, मी वहीत लिहून घेते. त्या दिवशी तुम्ही रिक्षाने आला असाल तर ते भाडं मला सांगा, मी देते, आणि या वेळी चहाचे पन्नास तुमच्याकडून घेणार नाही. सव्वाचारला दुकानापाशी आलात तर मी स्वतःच तिथे असेन, आपण दोघी चालत जाऊ.