‘कॉम्प्रेस’ दाबण्याआधी पानाचं माप बघा

परवा भाचीचा फोन आला. शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला होता आणि शेऱ्यात एकच ओळ होती, कागदपत्र वाचता येत नाही. ती वैतागलेली, कारण तिच्या मते तिने सगळं नियमानं केलं होतं. तीन गुणपत्रिका एकाच पीडीएफमध्ये हव्या होत्या आणि मर्यादा 500 केबीची. तिच्या फोनवरच्या तीन फोटोंची पीडीएफ झाली 10.8 एमबीची. मग तिने ती एका कॉम्प्रेस करणाऱ्या साइटवर टाकली, जी फाइल मिळाली ती पुन्हा टाकली, मग आणखी एकदा, आणि अखेर 470 केबीवर आणून सोडली. मी ती फाइल उघडून पाहिली. एकूण गुण 438 आहेत की 488, हे मलाही सांगता येईना. परत पाठवणाऱ्याला मी तरी दोष देणार नाही.

मर्यादेच्या नावानं बोटं मोडणाऱ्या पोस्ट खूप दिसतात, म्हणून माझं मत आधीच सांगतो. तीन छापील पानांना 500 केबी पुरतात. चूक आपण कॉम्प्रेस कुठल्या टप्प्यावर करतो त्यात असते. बहुतेक जण फोटो काढतात, पीडीएफ बनवतात आणि मग ती पीडीएफ पिळत बसतात. खरं काम पीडीएफ बनायच्या आधीच व्हायला हवं.

कारण साधं आहे. अशा पीडीएफमध्ये मजकूर नसतोच, आत फक्त फोटो असतो. पीडीएफ हे नुसतं पाकीट. फोनचा फोटो साधारण 4000 बाय 3000 पिक्सेलचा, म्हणजे 1 कोटी 20 लाख पिक्सेल. A4 पान नीट वाचता यायला 150 डीपीआय, म्हणजे इंचाला 150 पिक्सेल, बहुतेक वेळा पुरतात; पानाचे होतात 1240 बाय 1754, अंदाजे 22 लाख. उरलेल्यातून मिळतं काय, तर कागदाची खरखर, हाताची सावली आणि खालच्या टेबलाच्या लाकडाच्या रेषा. फोटो साठवण्याच्या जेपीईजी पद्धतीला सगळ्यात जड जातं ते असंच बारीक चित्रविचित्र पोत. कोरा पांढरा भाग जवळजवळ फुकटात साठतो, लाकडाच्या रेषा मात्र केबी खातात. भाचीच्या एका फोटोत तर पाव भाग टेबलच होतं.

आता साइट तीनदा वापरल्यावर अंक का विरघळले? जेपीईजी चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन करते आणि प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील आधी टाकून देते. पिळता पिळता फोटो 72 डीपीआयवर आला की दहा पॉइंटचा अंक जेमतेम 7 पिक्सेल उंच उरतो, म्हणजे अख्खा अंक एका चौकोनात मावतो आणि तपशील गेला की 3 आणि 8 भाऊ-भाऊ दिसायला लागतात. 150 डीपीआयला तोच अंक 15 पिक्सेलच्या आसपास जातो आणि तगतो. शिवाय दर वेळी पुन्हा जेपीईजी केलं की आधीच्या फेरीतले डाग खरे समजून त्यांच्यावर नवे डाग चढतात. तीन फेऱ्या म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्सची झेरॉक्स.

यात एक गंमत आहे जी मलाही उशिरा कळली. संगणकावर पीडीएफ पिळायला घोस्टस्क्रिप्ट हा प्रोग्राम वापरणारे त्याची `/ebook` ही सेटिंग लावतात आणि फोटो 150 डीपीआयचा होईल अशी आशा करतात. पुष्कळदा फाइल हलतच नाही. मग तुमच्या पीडीएफचे गुणधर्म उघडून पानाचं माप बघा. फोनवरची काही अॅप एक पिक्सेल म्हणजे एक पॉइंट असं धरून पान बनवतात. एका इंचात 72 पॉइंट, म्हणजे 4000 पिक्सेलचं पान झालं 55 इंच, जवळजवळ 1 मीटर 40 सेंटिमीटर! त्या राक्षसी पानावर फोटो 72 डीपीआयचाच भरतो. घोस्टस्क्रिप्ट बघतं, हा तर 150 च्या खालीच आहे, आणि एकही पिक्सेल कमी करत नाही. बिचाऱ्याची काही चूक नाही, पान खोटं सांगतंय.

म्हणून आम्ही ती फाइल फेकून दिली आणि मूळ फोटोंपासून सुरुवात केली. फोटोही नव्याने काढले: कागद खिडकीजवळ सपाट ठेवून, फ्लॅश बंद करून, फोन बरोबर वर धरून. मग कागदाच्या कडेपर्यंत कापून घेतले. एवढ्यानेच टेबल गेलं. पुढचं तिच्या लॅपटॉपवर इमेजमॅजिक आणि `img2pdf` या दोन प्रोग्रामनी दोन ओळींत झालं. पहिली ओळ प्रत्येक फोटोसाठी फाइलच्या नावांतला आकडा बदलून एकदा चालवायची, दुसरी शेवटी एकदाच:

```
magick 1.jpg -auto-orient -resize 1240x1754 -colorspace Gray -quality 60 g1.jpg
img2pdf --pagesize A4 g1.jpg g2.jpg g3.jpg -o gunpatrika.pdf
```

`img2pdf` निवडायचं कारण, ते जेपीईजी जसंच्या तसं पाकिटात घालतं, पुन्हा पिळत नाही. फाइल झाली 431 केबीची. लॅपटॉप नसेल तर फोनवरही क्रम हाच: आधी कापा, मग फोटोची लांबी-रुंदी घटवा, मग करडा करा, आणि पीडीएफ सगळ्यात शेवटी एकदाच, पान A4 निवडून. सूचनेत रंगीत प्रत मागितली असेल तर अर्थात करडा करू नका. पिक्सेल कमी करण्यातूनच खरा फायदा होतो.

स्कॅनर अॅपमधलं ‘ब्लॅक अँड व्हाइट’ फिल्टर मात्र टाळा, मोह कितीही झाला तरी. त्याने फाइल कमालीची लहान होते, कारण प्रत्येक पिक्सेल एकतर काळा नाहीतर पांढरा. पण फिकट जांभळा शिक्का त्यात सरळ पांढरा होऊन जातो आणि सही अर्धीच उरते. छापील मजकूर सुरेख दिसतो म्हणून आपल्याला पत्ताच लागत नाही. पाहायचं असेल तर शिक्क्यातली तारीख आणि कोपऱ्यातला अनुक्रमांक वाचून बघा. तेवढं वाचता आलं तर बाकीचं वाचता येतंच.

आणि मर्यादेला अगदी चिकटून राहू नका. कुठे 1 केबी म्हणजे 1000 बाइट धरतात, कुठे 1024. फोनवर 510 केबी दिसणारी फाइल विंडोजवर 498 दिसू शकते. पोर्टल कुठल्या हिशेबाने मोजतं ते ते सांगत नाही (माझी खरी तक्रार असेल तर ती हीच). दहाएक टक्के जागा सोडा.

एवढ्यावर संपलं असतं, पण उत्पन्नाचा दाखला उरला होता. तो ऑनलाइन मिळालेला, डिजिटल सही असलेला, आणि भाची तोही सवयीने साइटवर टाकायला निघाली. तिला थांबवलं. अशी फाइल पिळून पुन्हा साठवली की सही ग्राह्य राहत नाही, कारण ती सही त्या फाइलच्या नेमक्या बाइटांवर असते. वर त्या दाखल्यात पत्ता, कुटुंबाचं उत्पन्न, सगळंच. ते अनोळखी सर्व्हरवर कशाला पाठवायचं? आकार पाहिला तर 186 केबी.

“मामा, मग हा करायचाच नव्हता?”

नाही. जसा होता तसाच चढवला. मग अर्जातून दोन्ही फाइली परत डाउनलोड करून उघडल्या. एकूण गुण 488 आहेत.