आत्या, मी कुठे दिसतोय?

आमच्या घराण्यात डॉक्टर दोन, वकील एक आणि रिक्रूटर मी एकटी. लग्नाकार्यात डॉक्टरांना लोक गुडघे दाखवतात, वकिलांना बांधावरची भांडणं सांगतात आणि मला रेझ्युमे पाठवतात. एका मुंजीत तर पंगतीला बसले असताना शेजारच्या काकांनी तिथल्या तिथे व्हॉट्सअॅपवर पीडीएफ टाकली आणि म्हणाले, "बघून ठेव, जिलबी येईपर्यंत."

नोकऱ्या माझ्या ऑफिसच्या कपाटात असतात आणि मी त्या ओळखीच्यांना काढून देते, अशी सर्वांची ठाम समजूत आहे. वास्तविक माझ्याकडे असतो एक सर्च बॉक्स, क्लायंटने पाठवलेली चार ओळींची रिक्वायरमेंट आणि दुपारी चारनंतर दर दहा मिनिटांनी "किती प्रोफाइल गेली?" असं विचारणारा टीम लीड. दादावहिनींना हे मी अनेकदा समजावलं. वहिनी म्हणाल्या, "असू दे गं, चिन्या येतोय शनिवारी. तूच बघ काय ते."

चिन्या म्हणजे दादाचा मुलगा. सांगलीहून बी.ई. कॉम्प्युटर करून पुण्यात कॉट बेसिसवर राहायला आलेला. त्याचं म्हणणं असं, की नोकरी डॉट कॉमवर प्रोफाइल शंभर टक्के भरलंय, हिरवी पट्टी शेवटपर्यंत गेली आहे, तरी कुत्रं विचारत नाही. मी त्याची रेझ्युमे हेडलाइन उघडली. प्रोफाइलची ओळख करून देणारी ही ओळ, अडीचशे अक्षरांपर्यंत लिहिता येते. चिन्याने लिहिलं होतं:

```
Seeking a challenging position in a reputed organization where I can utilize my skills
```

"हे कुठून आणलंस?"

"सीनियरने दिलं. त्याला त्याच्या सीनियरने."

म्हणजे वंशपरंपरागत आलेली ठेव. इतकी वर्षं मी या धंद्यात आहे, पण सर्च बॉक्समध्ये 'चॅलेंजिंग' हा शब्द मी एकदाही टाइप केलेला नाही. 'रेप्युटेड'ही नाही. क्लायंटने मला कधी फोन करून सांगितलेलं नाही, की आम्हाला आव्हानाच्या शोधात असलेला एक मुलगा पाठवा.

चिन्याला हे पटेना. म्हटलं, बस इथे आणि माझ्या बाजूने बघ. योगायोगाने तेव्हा माझ्याकडे एक खरीखुरी रिक्वायरमेंट होती: जावा, स्प्रिंग बूट, फ्रेशर ते एक वर्ष, पुणे, लगेच जॉइन होणारा. मी लॅपटॉपवर रेझडेक्स उघडलं. उमेदवारांना नोकरी डॉट कॉमची जी बाजू दिसते तिच्या पलीकडची ही रिक्रूटरची बाजू. कंपन्या आणि आमच्यासारख्या कन्सल्टन्सी पैसे भरून तिथे रेझ्युमे शोधतात. चिन्या खुर्ची ओढून इतका जवळ आला, की माझ्या चहात त्याचा चष्मा पडायचा बाकी होता.

आधी मी नुसतं जावा टाकलं, पुणे आणि अनुभव शून्य ते एक निवडलं. आकडा आला पाच अंकी.

"यात मी आहे?" चिन्या.

"असशील की. कुठेतरी."

"मग झालं तर!"

झालं कसं? इतके रेझ्युमे उघडायला मला पुढचा जन्म घ्यावा लागेल. शिवाय या गर्दीतल्या निम्म्याअधिकांचा जावाशी संबंध एवढाच, की दुसऱ्या पानावर विषयांच्या यादीत तो शब्द आहे. अभ्यासक्रमात एका सेमिस्टरला जावा होता, पेपर दिला, विषय सुटला. सर्च मात्र भाबडा असतो. शब्द सापडला की तो माणूस आणून उभा करतो. पेपर चाळीस मार्कांनी सुटला होता की त्यात पोराने काही बनवलं होतं, हे त्याला कळत नाही.

म्हणून आम्ही जाळं बारीक करतो. शब्द कुठे शोधायचा हे तिथे निवडता येतं: सगळ्या रेझ्युमेत, की फक्त हेडलाइन आणि की-स्किल्समध्ये. ज्याने जावा थेट हेडलाइनमध्ये आणून ठेवलाय त्याला निदान त्या विषयावर प्रश्न विचारलेला चालणार आहे, एवढा आमचा साधा हिशेब. मी दुसरा पर्याय निवडला आणि नेहमीचा शोध टाइप केला:

```
java AND ("spring boot" OR springboot) NOT (trainer OR faculty)
```

स्प्रिंग बूट दोन्ही प्रकारे लिहिलं, कारण अर्धा महाराष्ट्र ते जोडून लिहितो. शेवटचा भाग क्लासवाल्यांना वगळण्यासाठी. नुसतं जावा शोधलं की जावा शिकवणारेही येतात, आणि क्लायंटला हवा असतो कोड लिहिणारा. वर आणखी एक चाळणी लावली, की गेल्या पंधरा दिवसांत साइटवर फिरकलेलेच दाखव. जे महिनाभर आलेच नाहीत ते बहुधा कुठेतरी लागलेले असतात आणि फोन केला की "मॅडम, मी मीटिंगमध्ये आहे" म्हणून ठेवतात.

आकडा तीन अंकांवर आला. चिन्याने पहिलं पान बघितलं, दुसरं बघितलं. मग हळूच म्हणाला, "आत्या, मी कुठे दिसतोय?"

नव्हताच. त्याचा जावा रेझ्युमेच्या दुसऱ्या पानावर प्रोजेक्टच्या वर्णनात होता. की-स्किल्समध्ये होतं टीमवर्क, लीडरशिप आणि एमएस ऑफिस. आणि प्रोजेक्ट कसला, तर होस्टेलच्या मेसच्या कुपनांचा हिशेब ठेवणारी सिस्टिम, स्प्रिंग बूट आणि मायएसक्यूएलवर स्वतः बनवलेली. एकच कुपन दोनदा वापरून दोनदा जेवणाऱ्या मुलांना तिने पकडलं होतं म्हणे. एवढी मौल्यवान गोष्ट पोराने पान दोनवर तळाशी पुरून ठेवली होती आणि वर टीमवर्कची पाटी लावली होती.

"की-स्किल्स राहू दे," मी म्हटलं, "आधी नुसती हेडलाइन बदल. फरक डोळ्यांनी बघ." त्याने विचार करकरून लिहिलं: बी.ई. कॉम्प्युटर, जावा, स्प्रिंग बूट, मायएसक्यूएल, पुणे. आणि शेवटी अभिमानाने, स्टुडंट ट्रेनर, कोडिंग क्लब. सेव्ह केलं. बदल शोधात उतरायला थोडा वेळ लागतो, म्हणून मी पोहे टाकले.

पोहे झाले, खाऊन झाले, मी तोच शोध पुन्हा चालवला. चिन्या नाही. साइट लॉगआउट करून पुन्हा आलो, तरी नाही. मुलगा रडवेला. "आत्या, हे लोक माझ्यावर खुन्नस काढतायत."

कुणी खुन्नस काढत नव्हतं. काढलं होतं ते आमच्या NOT ने. क्लबमध्ये ज्युनियर मुलांना चार रविवार शिकवलं म्हणून त्याने स्वतःला ट्रेनर म्हटलं, आणि त्या एका शब्दापायी तो क्लासवाल्यांबरोबर बाहेर फेकला गेला. गंमत अशी, की त्याला हे कुणी कधीच सांगितलं नसतं. नाकारलेल्याला निदान मेल येतो, पण जो यादीत आलाच नाही त्याला काय कळवणार?

शेवटी हेडलाइन अशी झाली:

```
B.E. Computer | Java, Spring Boot, MySQL | Built hostel mess coupon system | Pune
```

यावेळी तो पहिल्याच पानावर आला. माझ्याकडे यादीत प्रत्येकाचं एक छोटं चौकोनी कार्ड दिसतं: नाव, शिक्षण, गाव, हेडलाइन, स्किल्स. त्यावर नजर फिरवायला मी चार-पाच सेकंद देते, जास्त नाही. आजूबाजूच्या कार्डांवर जावा, जावा, जावा आणि मध्येच मेसची कुपनं. मी परकी असते तरी थांबले असते. चिन्याने स्क्रीनचा फोटो काढून वहिनींना पाठवला. वहिनींनी "अभिनंदन" लिहून लगेच पगार विचारला.

त्याला मी माझ्या क्लायंटकडे पाठवलं नाही. भाच्याची शिफारस केली की उद्या तो लवकर सोडून गेला तरी ऐकून मलाच घ्यावं लागतं. पण शोधणारी मी एकटी थोडीच होते? सोमवारी त्याला फोन यायला लागले. मग पोराला हाव सुटली. अडीचशे अक्षरांतली बरीच शिल्लक आहेत, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने पायथन घातलं, रिअॅक्ट घातलं आणि एडब्ल्यूएससुद्धा घातलं. शोधात तो आणखी चार ठिकाणी झळकला आणि एका दुपारी एक गृहस्थ फोनवर विचारते झाले, की ईसी-टू इन्स्टन्सला कनेक्ट होता येत नसेल तर आधी काय तपासशील? चिन्या म्हणाला, "आत्याला विचारून सांगतो." संध्याकाळी एडब्ल्यूएस गेलं. रिअॅक्ट दुसऱ्या दिवशी, तशाच एका फोननंतर गेलं.

आठवड्याभरात फोन रोडावले. निकाल लागल्यावर रोज नवी मुलं येतात आणि मी यादी लावताना ताजी प्रोफाइल वर घेते, सगळेच घेतात. चिन्या शब्दांनी जुळत होता, पण रोज थोडा खाली सरकत होता. त्याच्या रूम पार्टनरकडे यावर जालीम उपाय होता. तो रोज सकाळी दात घासायच्या आधी हेडलाइनच्या शेवटचा पूर्णविराम काढायचा, दुसऱ्या दिवशी परत घालायचा. प्रोफाइल रोज अपडेट!

उपाय खोटा नाही. मात्र त्या पूर्णविरामाच्या अलीकडे त्याने लिहिलेलं होतं 'सिन्सिअर अँड हार्डवर्किंग'. त्यामुळे तो सदैव ताजा असायचा, पण जिथे कुठलंच स्किल मागितलेलं नाही अशाच शोधांत. पदवीधर, पुणे, आज अॅक्टिव्ह, एवढ्यावर जे शोधतात त्यांना हवे असतात क्रेडिट कार्ड विकणारे आणि रात्रपाळीत फोन घेणारे. पार्टनरला दिवसाला ढिगाने फोन यायचे आणि तो खुशीत होता, की मार्केटमध्ये आपल्याला मागणी आहे.

चिन्याने त्याच्याकडून पूर्णविराम उचलला आणि स्वतःचे शब्द ठेवले. आता नुसतं ताजं राहून नोकरी लागत नाही, हेही त्याने बघितलं. दोन मुलाखतींत तो हॅशमॅपवर आपटला, हेडलाइन तिथे काही मदतीला आली नाही. तिसऱ्या ठिकाणी मुलाखत घेणाऱ्याने कुपनांवरच अर्धा तास काढला. दोन मुलांनी एकाच सेकंदाला एकच कुपन टाकलं तर काय होईल, हा त्याचा प्रश्न. चिन्याने हे मेसमध्ये प्रत्यक्ष सोसलं होतं, ट्रान्झॅक्शन आणि लॉक लावून दुरुस्तही केलं होतं. खराडीतल्या एका छोट्या कंपनीत त्याला घेतलं.

परवा दुपारी त्याचा फोन आला. कुजबुजत बोलत होता.

"आत्या, स्टँडअपमध्ये सारखे रिक्रूटरचे फोन येतायत. मॅनेजर बघतो माझ्याकडे. हे बंद कसं करायचं?"

"जॉइन होऊन महिना झाला ना? प्रोफाइलला हात लावला नाहीस तर आपोआप खाली जाशील."

पलीकडे शांतता.

"चिन्या, आज सकाळी पूर्णविराम काढलास का?"

"घातला."