काळोखाची घोंगडी आणि दोन गुण

‘खालील ओळींतील अलंकार ओळखा’ हा प्रश्न ज्याने पहिल्यांदा काढला, त्याचा पोलिसांच्या ओळखपरेडीशी काहीतरी संबंध असावा. चार ओळी भिंतीला टेकवून उभ्या करायच्या आणि दहावीतल्या पोरीला विचारायचं, बोल, यातला रूपक कोण?

आमच्या भाचीने या परेडीसाठी वहीच्या शेवटच्या पानावर तक्ता केला होता. सारखा, सम, परी, वाणी, जैसा दिसलं की उपमा. जणू, गमे, वाटे, भासे दिसलं की उत्प्रेक्षा. यातलं काहीच दिसलं नाही तर रूपक. आणि ओळ समजलीच नाही तर चेतनगुणोक्ती. शेवटचं वाक्य तिने पेन्सिलीने लिहिलं होतं, म्हणजे गरज पडल्यास खोडता येईल. या तक्त्याच्या जोरावर तिने ‘सारखा पाऊस पडत होता’ या ओळीखाली मोठ्या दिमाखात ‘उपमा’ लिहिलं.

“अगं, पाऊस कोणासारखा?” मी विचारलं.

“सारखा!” ती म्हणाली. “शब्द समोर आहे ना, मामा.”

तक्त्याचा रोग हाच आहे. ‘सारखा’ म्हणजे सतत हेही असतं. ‘मला वाटते, उद्या सुट्टी मिळेल’ यात ‘वाटे’ आहे, पण उत्प्रेक्षा नाही, नुसती आशा आहे. आणि ‘ताई आईसारखी दिसते’ यात खरोखरची तुलना असली तरी तीही उपमा नव्हे. माणसासारखं माणूस दिसलं, यात कवीने काय कमावलं? उपमेला दोन वेगळ्या जातींच्या वस्तू लागतात, आणि त्यांच्यात नेमकी एकच गोष्ट सारखी निघाली की गंमत येते. हे सगळं ऐकून भाचीने तक्त्याच्या डोक्यावर ‘कधीकधी’ असा शब्द वाढवला.

मग सराव संचातली कविता समोर आली. कवीचं नाव नव्हतं. संचकर्त्यांनी रात्री जागून स्वतःच रचली असावी, कारण चार ओळींत त्यांनी अख्खा अभ्यासक्रम कोंबला होता:

सांज उतरली तळ्याकाठी पदर आपुला सावरून,
आरशासम निश्चल पाणी, ढग बघती त्यात वाकून.
चंद्र जणू की चांदीची ताटली ठेवली घासून,
काळोखाची घोंगडी घेऊन गाव बसले पेंगून.

मी म्हटलं, शब्द शोधू नकोस. आधी विचार, ओळीत खरंच समोर काय आहे आणि कवीने बाहेरून काय आणलंय. समोर असतं ते उपमेय, बाहेरून आणलेलं ते उपमान. मग बघ, कवी त्या दोघांना किती जवळ बसवतो.

दुसऱ्या ओळीत समोर पाणी आहे, आणलाय आरसा. मध्ये ‘सम’ आहे, म्हणजे दोघं शेजारी बसलेत, पण पाणी पाणीच राहिलंय. सारखेपणा कशात, तेही ‘निश्चल’ म्हणून सांगून टाकलंय. उपमेय, उपमान, साम्य दाखवणारा शब्द आणि साधारण धर्म असे चारही जण हजर, म्हणून ही पूर्ण उपमा. ‘निश्चल’ गाळला असता तरी उपमाच, फक्त धर्म लुप्त.

तिसऱ्या ओळीत चंद्र आणि ताटली. इथे ‘जणू’ आहे. कवी असं म्हणत नाही, की चंद्र ताटलीसारखा आहे. तो म्हणतो, हा चंद्र म्हणजे ताटलीच असावी, असा संशय येतोय. ही उत्प्रेक्षा. इंग्रजीच्या तासाला हाच संशय मुकाट्याने सिमिलीच्या खणात जातो. तिथे सिमिली, मेटाफर आणि पर्सोनिफिकेशन एवढ्या तिघांवर भागतं, आपल्याकडे संशयालाही वेगळी खोली आहे. त्यामुळे भाची सकाळी एक उत्तर लिहिते, दुपारी दुसरं, आणि दोन्ही बरोबर असतात. यावर ती जे बोलली ते इथे लिहिता येत नाही.

खरी मारामारी चौथ्या ओळीत झाली. ‘काळोखाची घोंगडी’ यात ना ‘सम’, ना ‘जणू’. नुसता षष्ठीचा ‘ची’. “घोंगडी काळोखाच्या मालकीची आहे,” भाची म्हणाली, “आजीची घोंगडी असते तशी.”

तेवढ्यात आतून आजी म्हणाली, “माझ्या घोंगडीचं काय?”

“काही नाही गं, व्याकरण चाललंय,” मी ओरडलो.

“मग माझी घोंगडी कशाला मध्ये?”

ती मध्ये आली ते बरंच झालं. कारण परीक्षा सोपी आहे, मधे ‘रूपी’ घालून बघायचं. ‘काळोखरूपी घोंगडी’ जमतं. काळोख हीच घोंगडी, दोन वस्तू उरल्याच नाहीत, म्हणून रूपक. ‘आजीरूपी घोंगडी’ म्हणून बघा. जमत नाही, आणि आजीच्या कानावर गेलं तर जेवणही जमणार नाही.

चेतनगुणोक्तीत आणखी वेगळीच गंमत. तिथे बाहेरून आणलेली वस्तू बहुधा दिसतच नाही. सांज पदर सावरते, पण ‘बाईसारखी’ असं कवी कुठेही म्हणत नाही, थेट बाईचं काम तिला देऊन टाकतो. तेव्हा आपण बघायचं ते क्रियापद. निर्जीव गोष्ट माणसाचं काम करतेय का? ढग वाकून बघतात, करतात. म्हणजे दुसऱ्या ओळीत अर्ध्यापर्यंत उपमा आणि उरलेल्या अर्ध्यात चेतनगुणोक्ती, एका भाड्यात दोन बिऱ्हाडं. पण ‘रस्ता नाशिकला जातो’ यात रस्त्याने पाऊल उचललेलं नाही. ‘वारा पडला’ यात कोणाला लागलेलं नाही. रोजच्या बोलण्यात झिजून गुळगुळीत झालेली क्रियापदं अलंकारात धरायची नसतात.

भाचीने ‘गाव बसले पेंगून’ याखाली लगेच चेतनगुणोक्ती लिहिलं. मला ते पटलं नाही. गाव पेंगतं म्हणजे गावातली माणसं पेंगतात. गाव जत्रेला लोटतं, गाव निवडणुकीत भांडतं, तसंच हे. पेंगणाऱ्याला पेंगणारा म्हटलं तर त्यात कल्पना कुठली?

“पण मामा, घोंगडी गावाने घेतलीय. काळोखाची घोंगडी माणसं कशी घेतील? घरं, झाडं, देऊळ, सगळंच आलं ना त्यात?”

पोरगी वकील होणार. तिचं म्हणणंही टिकणारं होतं. घोंगडी रूपकाची, आणि ती पांघरणारा अख्खा गाव, अशा वाचनाने ओळ जास्त गोडही होते. म्हणून संचाच्या मागची उत्तरं उघडली. तिथे छापलं होतं, ‘ओळ ४: उपमा.’

आम्ही दोघांनी ओळ पुन्हा वाचली. मग उलटी वाचली. कशाचं कशाशी साम्य, कुठल्या शब्दाने, काही पत्ता नव्हता. शेवटी ठरवलं, की नुसतं नाव लिहायचंच नाही. ‘काळोखावर घोंगडीचा आरोप केला आहे, म्हणून रूपक’ असं कारणासकट लिहायचं. तपासणाऱ्याला फुली मारायचीच असेल तर निदान कारण वाचून मारावी लागेल.

“दोन गुणांना एवढं लिहू?” भाचीने विचारलं. “कारणाचे गुण वेगळे आहेत का?”

“नाहीत.”

“मग पोटात कावळे ओरडतायत. हा कुठला अलंकार ते सांग. चेतनगुणोक्ती म्हणू नकोस, कावळे आधीच जिवंत असतात.”

“वाक्प्रचार,” मी म्हटलं.

“तो कितव्या प्रश्नात येतो?”