एक एसएमएस जाईना!

नंबर माझा, सिम माझं, बँकेत नोंदही त्याच नंबरची. तरी पेमेंट अ‍ॅप म्हणतंय, ‘नंबर पडताळता आला नाही’. चौथ्यांदा! शेवटी मेसेज उघडून बघितले. अगम्य अक्षरांचे चार लांबलचक मेसेज, प्रत्येकाखाली लाल अक्षरांत ‘पाठवला गेला नाही’. म्हणजे मी ओटीपीची वाट बघतोय आणि इथे माझ्याच फोनवरून एसएमएस जायला हवा होता. माझ्या स्वस्तातल्या रिचार्जमध्ये एसएमएस नाहीत, टॉकटाइम शून्य. दुसऱ्या सिमवर ढीगभर पडलेत, पण ते चालत नाहीत. बँकेतला नंबर ज्या सिमचा, त्यावरूनच मेसेज जायला हवा. अरे, मग ‘मेसेज गेला नाही, बॅलन्स बघा’ एवढं सांगायला काय जातं तुमचं? मी येड्यासारखा तासभर वायफाय बंद-चालू करत बसलो!