फुटाण्यांचा हिशेब

विमा एजंट आमच्या दिवाणखान्यात बसून फॉर्म भरत होते. नाव, जन्मतारीख, उंची, वजन इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग त्यांनी अगदी सहज विचारलं, "तंबाखू, सिगारेट? घेत असाल तर दिवसाला किती?"

बायको पोह्यांच्या बश्या घेऊन नेमकी त्याच वेळी बाहेर आली.

"तीन," मी म्हणालो. बायकोने बशी टेबलावर ठेवली. ठेवली म्हणजे तिचा आवाज झाला. "म्हणजे, पाच," मी दुरुस्ती केली. एजंटांनी पेन वर उचललं आणि फार गोड आवाजात सांगितलं, की साहेब, इथे खोटं लिहिलंत तर उद्या वहिनींना क्लेम मिळताना अडचण येईल. एवढं बोलून त्यांनी 'वहिनीं'कडे पाहिलं. मी मेल्यावरची अडचण मी जिवंत असतानाच सुरू झाली होती.

त्यांनी दोन हप्ते सांगितले. न ओढणाऱ्याला वर्षाला 15,400, ओढणाऱ्याला 23,300. वर्षभर तंबाखूशिवाय राहिलात, तर पुन्हा अर्ज करता येईल म्हणाले. बायकोने 7,900 चा फरक तोंडी काढला. फॉर्मवरचा आकडा मात्र खरा हवा होता, आणि तो आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हता. मलासुद्धा.

याला कारण आहे. मी पाकीट घेत नाही, सुटी घेतो. पाकीट घेणारा माणूस व्यसनी; मी आपला टपरीवर गेलो की एखादी घेणारा. 2020 साली महाराष्ट्रात सुट्या सिगारेटी विकायला बंदी आली हे मला ठाऊक होतं, टपरीवाल्या मामांनाही ठाऊक होतं, आणि आम्ही दोघांनी या विषयावर कधी चर्चा केली नाही. सुटी घेण्याचा मोठा फायदा असा, की पाकिटावरचा तो भयंकर फोटो मामांच्या बाजूला राहतो. तो भोगायचा तो त्यांनी. आपल्या हाती येते ती पांढरीशुभ्र, निष्पाप वस्तू.

मोजायचं ठरलं तेव्हा बायकोने उपाय काढला. सकाळी शर्टाच्या डाव्या खिशात वीस फुटाणे टाकायचे, एक सिगारेट झाली की एक फुटाणा उजव्या खिशात. संध्याकाळी उजवा खिसा मोजायचा. सोमवारी नऊ झाले. मंगळवारी नऊ. बुधवारी मामांच्या चहाबरोबर बोलता बोलता मी पुरावा खाऊन टाकला. दोन्ही खिशांतला.

गुरुवारपासून फुटाण्यांच्या जागी काड्या आल्या. पेटवलेली काडी रिकाम्या काडेपेटीत परत टाकायची, पण वाऱ्याने विझलेली नाही, असा नियम. वाऱ्याचा फायदा घ्यायचा प्रयत्न मी एकदा केला, पण बायकोने काडेपेटी हुंगून तो दावा फेटाळला. एक गोष्ट मात्र लक्षात आली. मोजायला लागल्यापासून काही सिगारेटी पेटवायच्या आधीच नकोशा व्हायच्या. काडी जपून ठेवायचाच कंटाळा. म्हणून पहिला आठवडा रद्द धरून दुसऱ्या आठवड्यात मी अगदी प्रामाणिकपणे, बेधडक ओढून मोजलं. सोमवार ते शुक्रवार रोज नऊ, शनिवारी सात, रविवारी चार. रविवारच्या चार म्हणजे कोथिंबीर, दही, इस्त्रीचे कपडे आणि पुन्हा कोथिंबीर. आठवड्याला छप्पन, म्हणजे दिवसाला सरासरी आठ. मी शपथेवर पाच सांगितल्या होत्या. कारण स्वतःला विचारलं की माणूस एखादा चांगला दिवस आठवतो, रोजचा दिवस आठवत नाही.

मामांकडे एक सुटी वीसला. आठ विसे एकशे साठ. गुणिले तीनशे पासष्ट: 58,400. तोच माल दहाच्या पाकिटात 180 ला, म्हणजे नग अठराला मिळतो. एका नगामागे दोन रुपये, वर्षाला 5,840. हा माझा 'मी काही सिगारेट पिणारा नाही' असं वाटून घेण्याचा खर्च.

मग चहाचा वाद निघाला. चहा मी तसाही प्यायलो असतो, हे माझं म्हणणं. बायकोचं म्हणणं, ऑफिसात फुकट चहा असताना खाली उतरून दहा रुपयांचा कटिंग कोण चहासाठी पितं? दिवसाला तीन चहा, कामाचे 280 दिवस, एकूण 8,400. घरात शिरण्यापूर्वी चघळायच्या पेपरमिंटचे रोज पाच, म्हणजे 1,825. या खर्चाने गेल्या पंधरा वर्षांत एकदाही फसवलं नाही असं मला वाटत होतं. बायको हसली. त्यात विम्याचे 7,900 मिळवले. एकूण 76,525 रुपये.

मी त्या आकड्याकडे बघत बसलो. डोळ्यांसमोर दापोली, गुहागर, नवा फ्रिज, सगळं येऊन गेलं. "हे बघ," मी उत्साहाने म्हणालो, "सोडली की आपल्याकडे वर्षाला साडेशहात्तर हजार!"

"मागे तेवीस दिवस सोडली होतीत, आठवतं?" ती म्हणाली. "तेवीस गुणिले एकशे साठ, तीन हजार सहाशे ऐंशी. कुठे आहेत?"

कुठेच नव्हते. आम्ही यूपीआयची यादी उघडली. त्या तेवीस दिवसांत मामांचं नाव गायब होतं, आणि त्या जागी मिसळ, भेळ, मोबाइलचं कव्हर आणि आणखी एक मोबाइलचं कव्हर होतं. न खर्च झालेले वीस रुपये कुठे साचत नाहीत. ते खिशात असतात तोवर फक्त दुसऱ्या टपरीची वाट बघतात. म्हणून ठरलं असं, की रोज रात्री नऊ वाजता 160 रुपये बायकोच्या वेगळ्या खात्यात पाठवायचे. महिन्याच्या शेवटी उरलेले नव्हे. त्याच दिवशी, तेवढेच. मामांच्या क्यूआर कोडच्या जागी बायकोचा.

आता बक्षिसं. माझी पहिली योजना सोपी होती: वर्षभर साठवायचं आणि वर्षाने एक मोठं काहीतरी. ती बाद झाली, कारण निकोटिनचा सगळा जाच पहिल्या दोन-तीन दिवसांत टिपेला जातो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. म्हणजे कळवळून बक्षीस हवं असतं तेव्हा दापोली 362 दिवस लांब. म्हणून पहिलं बक्षीस तिसऱ्या दिवशी, जमा 480. मग आठवडा पुरा झाल्यावर, मग महिन्यावर, मग शंभर दिवसांवर. काही अटीही आल्या. बक्षीस घरखर्चाचं नको. गॅसचा सिलिंडर, आईंचा चष्मा आणि टाकी साफ करणं ही बक्षिसं होऊ शकत नाहीत, हे बायकोने मोठ्या मनाने मान्य केलं. आणि ज्याच्याबरोबर सिगारेट आठवते ते बक्षीस नको. त्यामुळे मी सुचवलेलं 'मित्रांबरोबर जरा बसणं' पहिल्याच फेरीत गळालं.

शिक्षेचं काय, हा प्रश्न आला. मी वाचलेलं सांगितलं. फिलिपाइन्समधल्या मिंडानाव बेटावर एका बँकेने सिगारेट सोडू पाहणाऱ्यांसाठी खातं काढलं होतं. सहा महिने स्वतःचे पैसे भरायचे आणि शेवटी लघवीची तपासणी. निकोटिन सापडलं नाही तर पैसे परत, सापडलं तर सगळे धर्मादाय. शंभरातल्या अकरा जणांनीच ते खातं उघडलं. बाकीच्यांना आपली ओळख पुरेशी होती. पण ज्यांना खातं देऊ केलं होतं, त्या गटात सोडणारे इतरांपेक्षा जास्त निघाले, आणि वर्षाने अचानक तपासलं तेव्हाही फरक टिकून होता.

"धर्मादायाला कशाला?" बायको म्हणाली. "तुम्हाला पुण्य मिळेल, मग धाक कसला? पैसे आमच्या दाद्याला."

दाद्या म्हणजे माझा मेहुणा. त्याला दमडी जाणं ही कल्पनाच इतकी बोचरी होती, की मी तिथेच सही केली. लघवीच्या तपासणीची जागा बायकोच्या नाकाने घेतली. एक सिगारेट ओढली, तर तिचे 20 आणि त्या दिवसाचे 160 मेहुण्याला. आधी जमलेल्या रकमेला हात लावायचा नाही, दिवसांचा आकडा शून्यावर आणायचा नाही, फक्त एक दिवस पुढे ढकलायचा. ही सवलत मीच मागून घेतली होती. मागच्या वेळी चोविसाव्या दिवशी एक ओढली, आणि 'आता मोडलंच आहे' म्हणून त्याच संध्याकाळी सहा झाल्या होत्या.

सोडायच्या आदल्या दिवशी मी मामांकडून पाकीट मागून घेतलं, नुसतं बघायला. त्यावर मदतीचा फोन नंबर छापलेला होता, 1800-112-356. इतकी वर्षं तोही मामांच्याच बाजूला होता.

पहिल्या तीन दिवसांबद्दल घरच्यांना विचारा, मला विचारू नका. मी 2 मिलिग्रॅमची निकोटिनची च्युइंगगम आणली आणि साध्या च्युइंगगमसारखी कचाकचा चावली. परिणाम म्हणजे मीटिंगमध्ये उचक्या. औषधाच्या दुकानदाराने मग नीट समजावलं. चार-सहा वेळा चावायची, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायची, ओसरल्या की पुन्हा चावायची. आणि चहा-कॉफीनंतरची पंधरा मिनिटं ती घ्यायचीच नाही, कारण तोंडात आंबटपणा असला की निकोटिन नीट शोषलं जात नाही. मी आठवडाभर चहाबरोबरच घेत होतो, आणि गुण नाही म्हणून कंपनीला शिव्या देत होतो.

480 ची मिसळ तिसऱ्या दिवशी दोघांनी खाल्ली. दहाव्या दिवसाच्या आसपास जिभेला चव आली, आणि पंधरा वर्षं ज्या आमटीला मी 'फर्स्ट क्लास' म्हणत होतो तिच्यात मीठ जास्त असतं असं मी बोलून गेलो. हा तपशील कुठल्याही हिशेबात धरलेला नव्हता.

एकोणिसाव्या दिवशी घात झाला. ऑफिसातल्या एकाचा निरोपसमारंभ, गच्ची, आणि कोणीतरी पुढे केलेली एक. घरात पाऊल टाकलं तर बायकोने नाकही न उडवता फोन पुढे केला. मी मेहुण्याला 180 रुपये पाठवले. लगेच त्याचा मेसेज आला, "दाजी, एवढं मनाला लावून घेऊ नका. टेन्शन आलं की ओढत जा एखादी."

अर्ध्या तासाने त्याने फोटोही पाठवला. माझ्या 180 रुपयांचं त्याने दहाचं पाकीट आणलं होतं.

बायको तो फोटो बराच वेळ बघत राहिली. मग काही न बोलता उठली, स्वयंपाकघरात गेली आणि पाव किलो फुटाणे कागदात बांधायला लागली. "उद्या ऑफिसला जाताना वहिनीकडे देऊन जा," म्हणाली. "आणि सांगा, खाऊ देऊ नकोस म्हणावं त्याला."