पत्रात तास किती धरायचे?

काल रात्री भोसरीच्या कट्ट्यावर मी आमच्या फायनान्स हेडसाहेबांना द्यायच्या पत्राचा मसुदा वाचून दाखवला. शॉपमध्ये चार सीएनसी मशिनं होती, आता सात झालीत. ओव्हरहेडचा दर मात्र जुनाच आहे: महिन्याचा स्थिर खर्च ८ लाख, तास १६००, म्हणजे तासाला ५०० रुपये. नव्या मशिनांचा घसारा आणि विमा धरून खर्च साडेदहा लाखांवर गेला, पण शेडचं भाडं आणि सुपरवायझरचे पगार तेवढेच राहिले. सात मशिनांचे तास होतात २८००. म्हणून मी लिहिलं होतं, दर ३७५ करावा.

अण्णा दुसऱ्या कंपनीत कॉस्टिंग बघतो. त्याने विचारलं, "मशिनं खरोखर किती तास चालतात?"

"सध्या २०००."

"मग जुन्या दराने १० लाख वसूल होतात आणि खर्च साडेदहा. साहेब म्हणतील, दर तर बरोबर बसतोय!"

बापूचं स्वतःचं वर्कशॉप आहे. "बसतोच आहे. झालेला खर्च जॉबवरच काढायचा, दुसरा कुठून काढणार?"

इथे माझा आवाज चढला. मागच्या आठवड्यात दोन तासांच्या एका फ्लँजची ऑर्डर नगामागे दीडशे रुपयांनी हुकली. आमची तीन मशिनं अर्धा वेळ उभी असतात, त्यांचा घसारा त्या फ्लँजने का भरायचा?

"नाहीच भरायचा," अण्णा म्हणाला. "एएस २ या लेखा मानकातही तेच आहे: स्थिर ओव्हरहेड नॉर्मल कपॅसिटीवर वाटायचा. काम कमी आहे म्हणून नगावरचा बोजा वाढवायचा नाही. उरलेली रक्कम त्या महिन्याचा खर्च म्हणून थेट नफ्या-तोट्यात जाते. पण २८०० म्हणजे नॉर्मल नव्हे. मेंटेनन्स वजा कर, गिऱ्हाइकांची शेड्यूल्स बघ."

बसल्या बसल्या हिशेब केला. तास आले २५००, दर ४२०. सध्याच्या २००० तासांना ८ लाख ४० हजार वसूल होतील आणि २ लाख १० हजार वेगळे दिसतील. हे वेगळे दिसणंच साहेबांना खटकणार, कारण आजवर ते जॉबच्या पोटात लपत होतं. पण तास २५०० वर गेले की जुना दर साडेबारा लाख काढेल, म्हणजे खर्चापेक्षा २ लाख जास्त, आणि आमची कोटेशनं उगाच महाग पडतील.

बापूला पटलं नाही. "ते वसूल न होणारे २ लाख १० हजार तुझ्या कंपनीला झेपतील, मला नाही झेपणार. मी भावात घेणारच."

"भावात जरूर घ्या बापू, बाजार देत असेल तर," अण्णा म्हणाला. "पण कॉस्टशीटमध्ये घेऊ नका. नाहीतर जॉब महाग पडला की मशीन उभं राहिलं, ते तुम्हालाच कळणार नाही."

मी ३७५ खोडून ४२० लिहिलं. कूलंट, टूल, वीज यांचे तासाला १२० रुपये वेगळ्या ओळीत घेतले, कारण मशिनं वाढली म्हणून ते बदलत नाहीत. खाली एक विनंती जोडली: २५०० चा आकडा शेड्यूल्सशी ताडून दर तीन महिन्यांनी फायनान्स आणि आमच्या खात्याने मिळून तपासावा.