नानांचा टीव्ही पहाटेपर्यंत का चालतो?

"तुमचं वाचून Auto Power Off चालू केलं. उपयोग शून्य. आमच्या नानांना दहालाच झोप लागते, पण टीव्ही मध्यरात्र उलटली तरी सुरूच. Sleep Timer रोज लावायला म्हातारा माणूस मेनूत शिरणार का? वर सकाळी पडद्यावर 'नो सिग्नल'. आधी स्वतः करून बघा, मग लिहा." – धुळ्याहून एक वाचक

ताई, तुमचा राग रास्त आहे, पण टीव्ही बिघडलेला नाही. Auto Power Off ला नाना झोपले हे कळत नाही. रिमोटचं शेवटचं बटण कधी दाबलं, तिथून तो वेळ मोजतो, आणि बऱ्याच टीव्हींवर ही मुदत ४ तासांची असते. नानांनी पावणेदहाला आवाज कमी केला असेल, तर टीव्ही पावणेदोनला बंद होणार. ती सोय विसरून राहिलेल्या टीव्हीसाठी आहे. चालू राहू द्या, पण झोपेसाठी तिच्यावर विसंबू नका.

Sleep Timer लावल्या क्षणापासून उलटा मोजतो आणि टीव्ही बंद झाला की पुसला जातो, म्हणून तो रोज लावावा लागतो. तुम्हाला हवा आहे Off Timer. तो सगळ्या टीव्हींत नसतो. सेटिंगमध्ये वेळ किंवा टायमर असा भाग शोधा. तिथे एकदा रात्रीचे ११ आणि 'रोज' निवडलं की नानांना काही करावं लागत नाही.

पारोळ्याला माझ्या आत्याकडे हेच लावलंय. ती कीर्तन ऐकत झोपते. हाताने बंद केलं की लगेच आवाज येतो, "मी ऐकी ऱ्हायनू ना!" तिला साडेदहापर्यंत झोप लागते, म्हणून ११ ठेवले. आवाजही आधीपासून कमी असतो, नाहीतर एकदम शांत झालं की जाग येते.

यात घोळ होतो तो घड्याळाचा. Off Timer टीव्हीच्या घड्याळावर चालतो, आणि लाइट गेली की काही टीव्हींचं घड्याळ पुसलं जातं. आपल्याकडे उन्हाळ्यात लाइट किती वेळा जाते, तुम्हाला सांगायला नको. म्हणून दिवसा एकदा भिंतीवरचं बटण बंद करून पाच मिनिटांनी लावा आणि घड्याळ बघा. वेळ बरोबर असेल, तर दहा मिनिटं पुढची वेळ लावून टीव्ही खरंच बंद होतो का तेही बघा. घड्याळ टिकत नसेल किंवा Off Timer नसेलच, तर नऊला जेवणं आटोपली की घरातल्या कुणीतरी १२० मिनिटांचा Sleep Timer लावायचा. ते काम नानांवर टाकू नका.

'नो सिग्नल'चं कारण वेगळं आहे. टायमर फक्त टीव्ही बंद करतो, सेटटॉप बॉक्स रात्रभर चालूच असतो. सकाळी नाना सवयीने दोन्ही रिमोटची पॉवरची बटणं दाबत असतील, म्हणजे टीव्ही चालू होतो आणि बॉक्स बंद. बॉक्सच्या रिमोटवरच्या त्या बटणावर चिकटपट्टी लावा. सकाळी फक्त टीव्हीचा रिमोट वापरायचा, एवढं नानांना सांगा.

टीव्हीचं मॉडेल कळवलंत तर Off Timer आहे का ते बघून सांगते.